लाल झाला, की होत होता?

रशियन मी शिकले ती केवळ जर्मनच्या वर्गात जागा नव्हती म्हणून. पुण्याला दोन वर्षं मावशीकडे राहून पदविका घेतली आणि सोलापूरला परत आले, तेव्हा आईने विचारलं, "आता हे बोलणार कुणाशी? सिद्धेश्वराच्या तळ्यातल्या माशांशी?" सहा महिने मी घरीच बसले. मग एका टॉवेल कारखान्याच्या मालकांनी वडिलांना गाठलं. तुमच्या मुलीला रशियन येतं म्हणे, खरंय का? वडील निवृत्त मास्तर. ते म्हणाले, येतं असं तीच म्हणते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा रशियाशी व्यापार रुपयांत चाले आणि आपला माल तिकडे चिक्कार जाई. आमच्या मालकांना मुंबईतल्या रशियन व्यापारी कचेरीकडून टॉवेलांची मागणी मिळाली होती. पांढरा टॉवेल, निळी किनार. आणि पांढरा टॉवेल, लाल किनार. पत्रव्यवहार इंग्रजीत चालला असता की. पण मालकांचं म्हणणं, माणसाशी त्याच्या भाषेत बोललं की तो विरघळतो. ते स्वतः घरी तेलुगू, मागावर मराठी, रंगखात्यात दखनी आणि बँकेत इंग्रजी बोलत, आणि चारही ठिकाणी लोक खरोखरच विरघळत. तेव्हा मालक इंग्रजीत दोन-चार वाक्यं सांगणार, मी ती रशियनमध्ये करणार, असं ठरलं. रशियन टाइपरायटर सोलापुरात कुठून येणार? शाईच्या पेनाने लिहायचं. संध्याकाळी घरी जाताना माझी तीन बोटं निळी असत आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

आता एक भानगड सांगायलाच हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. रशियनमध्ये बहुतेक क्रियापदं जोडीने नांदतात, नवरा-बायकोसारखी. जोडीतलं एक काम चालू होतं, केलं जात होतं, एवढंच सांगतं. ते तडीला गेलं का, याची हमी देत नाही. दुसरं ठासून सांगतं की काम पुरं झालं, हे बघा फळ. इंग्रजीत 'आय रेड द बुक' म्हटलं की सुटलात. रशियन माणूस तिथे अडवतो. 'चिताल' म्हणू की 'प्रचिताल'? वाचत होतास, की वाचून काढलंस? आपल्यालाही हा फरक कळतो, 'वाचलं' आणि 'वाचून काढलं' यात आपण तो करतोच. पण आपल्याला तो केला नाही तरी चालतं. रशियनला चालत नाही. पुण्याच्या आमच्या बाई म्हणायच्या, "इंग्रजी वाक्य समोर आलं की आधी शब्दकोश उघडू नका. ज्याने वाक्य लिहिलंय त्याला जाऊन विचारा, बाबा रे, काम संपलं का?"

बाईंना आमचे मालक भेटले नव्हते.

आमच्या मालकांच्या तोंडी एकच उत्तर असे, "झालं समजा." माल विणून झाला का? झालं समजा. बॉयलर दुरुस्त झाला का? झालं समजा. ते खोटं बोलत नव्हते हो. त्यांच्या मते एखादं काम करायचं मनात आलं, माणसं लावली, की ते झालंच. उरली ती किरकोळ अंमलबजावणी. सगळं सोलापूर त्यांचं 'समजा' ओळखून होतं आणि त्यात आठ-पंधरा दिवस आपापले मिळवून घेत होतं.

पहिल्याच पत्रात माझी फजिती झाली. मालकांनी वाक्य सांगितलं, 'वुई पॅक्ड द ब्लू टॉवेल्स.' मी बाईंचं ऐकून विचारलं, "मालक, पॅक करतोय, की करून झालं?"

"अहो बाई, झालं समजा."

मी समजले. काम पुरं झाल्याचं क्रियापद ऐटीत लिहिलं. आठवड्याने मुंबईहून एक रशियन तपासनीस आला, उंच, घामाघूम, हातात माझं पत्र. निम्मे टॉवेल अजून मागावर होते. मालकांना सोडून तो माझ्याकडे वळला, माझ्या क्रियापदावर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत?" मालक हसत होते, त्याच्यासाठी शहाळं सोलत होते, आणि माझा चेहरा जाळावर धरल्यासारखा झाला होता. त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं. यापुढे या माणसाच्या 'झालं'वर माझं क्रियापद उभं करणार नाही. स्वतः जाऊन बघीन, स्वतः विचारीन, मगच लिहीन. तेवीस वर्षांची होते. मला वाटायचं, खरं-खोटं ओळखायला दोन डोळे आणि एक पदविका पुरते.

निळ्याचं कसंबसं निभावलं. खरी पंचाईत लालची झाली. नमुन्याचा लाल टॉवेल रशियनांनी धुऊन बघितला, तर किनारीचा रंग उतरून पांढऱ्यावर पसरला. त्यांचं पत्र आलं. लाल दुरुस्त करा आणि पंधरा दिवसांत कळवा. झाला असेल तर तपासनीस येऊन नवा नमुना घेऊन जाईल. नसेल तर लालची मागणी दुसऱ्या गावच्या कारखान्याला देऊ.

लाल म्हणजे रंगारी चाचांचं खातं. साठीला टेकलेले, अंगाने काटकुळे, हात कोपरापर्यंत कायमचे रंगलेले. मालकांच्या वडिलांच्या काळापासून त्या कारखान्यात सुताच्या लडी तेच रंगवत होते. मालकांचे मेहुणे धंद्यात निम्मे भागीदार होते आणि त्यांना चाचा आधीपासूनच नको होते. ते माझ्यासमोरच मालकांना म्हणाले, "लाल गेला तर म्हातारा पण गेला. इचलकरंजीहून शिकलेला माणूस आणतो मी." मालक म्हणाले, "ठीक हाय." तेव्हा चाचांचं सगळं त्या पंधरा दिवसांवर होतं. हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं, चाचांनाही.

बाराव्या दिवशी मालकांनी मला बोलावलं. वाक्य तयार होतं, 'वुई करेक्टेड द रेड कलर.' पाच शब्द. मी विचारलं, "झाला का लाल?"

"झाला की!"

"झाला, की झाला समजा?"

मालक जरा दुखावले. "झाला म्हणतोय ना बाई. आज 'समजा' म्हटलं का मी?"

नव्हतं म्हटलं खरं. ते माझ्या ध्यानात आलं नाही असं नाही. आलं, आणि मी सोडून दिलं. शहाळं सोलणारे ते हात मला दिसत होते. मी निळी बोटं घेऊन तडक रंगखात्यात गेले.

तिथे वाफच वाफ. हौदात पाणी खदखदतंय, सोडा-साबणाचा वास नाकात बसतोय, आणि पायाखालच्या गटारातून लालभडक पाणी वाहतंय. मी मनात म्हटलं, हा बघा झालेला रंग, चालला गटारातून! चाचा काठीने लडी उलट्या करत होते.

"चाचा, लाल झाला का?"

त्यांनी वर बघितलं, हसले. "चालू हाय की, बाई."

"म्हणजे झाला नाही अजून?"

"चालू हाय. अल्ला की मेहरबानी, चालू हाय."

एवढं मला बस्स होतं. दाराच्या खिळ्यावर एक पांढरं फडकं टांगलेलं होतं. बोटांची शाई घामाने ओघळत होती, मी ते फडकं ओढलं आणि बोटं पुसली. चाचा एकदम "अहो अहो" करत पुढे आले, मग थांबले. म्हणाले, "असू दे, असू दे. पुसा." मला वाटलं, म्हातारा फडक्यालाही जपतोय, कमाल आहे बाई. फडकं परत खिळ्याला लावून मी निघून आले.

टेबलाशी बसून मी ती जोडी समोर मांडली. 'इस्प्राविली' म्हणजे दुरुस्त केला, झाला, या आणि बघा. 'इस्प्राव्ल्याली' म्हणजे दुरुस्त करत होतो, त्यामागे लागलो होतो. पुढचं देव जाणे. इंग्रजी वाक्य दोन्हींना सारखंच मुकाट. मालकांना त्यातलं अक्षर कळणार नव्हतं. आणि मी, खरेपणाची पुतळी, 'इस्प्राव्ल्याली' लिहिलं. लिहिताना मला काय गंमत वाटली म्हणून सांगू! मालकाच्या सहीखाली, मालकाच्या कागदावर, मालकाच्या नाकाखालून मी सत्य मुंबईला धाडत होते. कुणाचं नुकसान करतोय असं मनात आलं नाही. उलट वाटलं, रशियनांना कळेल की काम चालू आहे, ते चार दिवस जास्तीचे देतील, चाचांचंही भलं होईल. स्वतःवर इतकी खूश मी नंतर फारशी कधी झाले नाही.

दुसऱ्या दिवशी मी मोहोळला बहिणीकडे गेले. तिचं बाळंतपण होतं, आठ दिवस राहिले. परत आले तर कारखान्यात सगळ्यांचे चेहरे पडलेले. मालकांच्या टेबलावर मुंबईची इंग्रजी तार होती. तपासनीस येणार नाही, लाल मागणी रद्द, पत्र पाठोपाठ. आणि ते पाठोपाठचं रशियन पत्र माझी वाट बघत बंद पाकिटात पडून होतं. वाचणारी मीच एकटी, आणि मी मोहोळला बाळाच्या कपाळाला तीट लावत बसलेली.

मालक म्हणाले, "वाचा बाई. काय झालं तरी काय? अशी कशी रद्द करतात?"

मेहुणे खुर्चीत होते. म्हणाले, "त्यात काय वाचायचंय? रंगाऱ्यावर भरवसा नाही त्यांचा. मी इचलकरंजीला शब्द दिलाय, सोमवारी माणूस येतोय."

मी पाकीट फोडलं. पत्र चार ओळींचं होतं. त्यातली दुसरी ओळ मला अजून पाठ आहे, तिचा मराठीत अर्थ असा, 'तुम्ही लिहिता की रंग दुरुस्त करत होतात. आणि केलात का?' पुढे लिहिलं होतं की, मागच्या वेळचा अनुभव लक्षात घेता तुम्ही या खेपेस प्रामाणिकपणे लिहिलंत याबद्दल आभार. परंतु मुदत संपली असल्याने लाल किनार अन्यत्र देत आहोत.

आभार मानले होते हो त्यांनी माझे!

मी वाचून दाखवलं. मालकांना काही कळेना. "करत होतो? कोण म्हणालं करत होतो? झाला म्हणून लिहायला सांगितलं ना मी?" त्यांनी रंगखात्यात निरोप धाडला.

चाचा आले. चपला दाराबाहेर काढून आत आले. त्यांनी टेबलावर लाल सुताची एक लडी ठेवली, आणि तिच्या शेजारी एक पांढरं फडकं. फडक्यावर एका कोपऱ्याला तीन निळी बोटं उमटलेली होती.

माझी बोटं.

मालकच मला समजावू लागले, जशी काही मी पाहुणी होते. चाचांची रीत अशी, की लाल लडी आणि एक पांढरं कापड एकाच हौदात, उकळत्या साबणपाण्यात घालायचं. रंग कच्चा असेल तर पांढरं कापड गुलाबी होऊन निघतं. पांढरंच राहिलं, तर रंग पक्का. मग ते कापड दाराच्या खिळ्याला टांगायचं. ते टांगलेलं दिसलं की कारखान्यातल्या झाडूवाल्यालासुद्धा कळे, रंग झाला. त्या सकाळी मालकांनी ते खिळ्यावर बघितलं होतं, म्हणून तर आयुष्यात एकदा 'समजा' न लावता 'झाला' म्हणाले होते. गटारातलं लाल पाणी म्हणजे पुढच्या लडींच्या सुतावरचा न चिकटलेला रंग. तो निघून जातो तेव्हाच उरलेला टिकतो. आमच्या विहिरीचं पाणी जड, साबणाला फेस येईना, म्हणून लालचा घोळ झाला होता. चाचांनी सोडा वाढवून, तीन-तीनदा उकळून तो काढून टाकला होता. अकराव्याच दिवशी.

मी चाचांकडे बघितलं. "पण चाचा, मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, चालू आहे!"

चाचा मान खाली घालून म्हणाले, "रंगाला झाला म्हणू नये, बाई. रुसतो. माझे वालिद म्हणायचे, तोंडाने बोलू नको, कापड टांग. मी कधीच झाला म्हणालो न्हाई. विचारा कुणालाही."

विचारायला कशाला हवं होतं? सगळ्यांना माहीत होतं. त्या कारखान्यात एक माणूस न झालेल्याला झालं म्हणत होता आणि दुसरा झालेल्याला चालू म्हणत होता; दोघांचं बोलणं उलटंपालटं करून घ्यायचं, की झालं खरं. हे अडाणी झाडूवाल्याला जमत होतं. मला जमलं नाही, कारण मी शिकले होते. खरं तर माझ्या हातात ते फडकं होतं. चाचांचा 'झाला' मी हातात धरला, आणि त्याला शाई पुसली.

"मी लिहिलं," मी म्हणाले. "मालक, तुम्ही झाला म्हणालात, मी मुद्दाम 'करत होतो' लिहिलं. चूक माझी आहे. त्यांना तार करा, चाचांना ठेवा."

मला रडू फुटलं. मालक लडी बोटांवर फिरवत राहिले. वाईट माणूस नव्हता तो. पण मेहुणे म्हणाले, "मुदत संपली. आणि इचलकरंजीच्या माणसाला मी शब्द दिलाय." मालकांनी लडी खाली ठेवली आणि म्हणाले, "चाचा, तुम्ही पण ऱ्हावा की. तो नवीन माणूस सांगेल तसं करायचं, बस्स."

चाचांनी लडी उचलली, फडकं मात्र टेबलावरच ठेवलं. "व्हय," म्हणाले. सोमवारी नवा माणूस आला आणि चाचा आले नाहीत.

माझी नोकरी टिकली. रंगारी पुष्कळ मिळतात, रशियन येणारी बाई सोलापुरात एकच. उलट मालकांना त्या जोडीचं प्रकरण समजल्यावर ते हरखूनच गेले. "म्हणजे दोन दोन शब्द हायत? मग आमचा नेहमी झालेलाच लावायचा, काय?" मी हो म्हटलं. मी रविवारी चाचांच्या घरीही जाऊन आले. त्यांच्या बायकोने चहा दिला. चाचा म्हणाले, "तुमचं काय चुकलं? तुम्ही विचारलं, मी सांगितलं." मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

महिन्याभराने मालकांनी रशियनांना पुन्हा पत्र लिहायला घेतलं. पुढच्या वर्षी तरी लाल आम्हालाच द्यावा, आम्ही सुधारणा केली आहे, वगैरे. शेवटी चाचांविषयी एक वाक्य सांगितलं, "लिहा, 'अवर ओल्ड डायर लेफ्ट.'"

त्या 'लेफ्ट'लाही जोडी आहे. 'उखदील' म्हणजे गेला होता, आणि आता बहुतेक परत आलाय, इथेच कुठेतरी असेल. 'उश्योल' म्हणजे गेला. आता इथे नाही. मी पेन उचललं आणि खाली ठेवलं. बाईंनी सांगितलेलं आठवलं, आधी जाऊन विचारा. मी उठले, रंगखात्यापर्यंत गेले. हौद तेच, वाफ तीच. नवा माणूस घड्याळ बघत काचेच्या नळीत काहीतरी मोजत होता. दाराचा खिळा रिकामा होता.

परत येऊन मी 'उश्योल' लिहिलं. मालकांनी सही करताना विचारलं, "बरोबर झालंय ना बाई?"

"झालंय," मी म्हणाले.